स्विचच्या कोणत्या निरोपासाठी रात्री फोन वाजावा?

धाराशिव, लातूर, बीड, परभणी या पट्ट्यातला साखर कारखाना एकदा मोळी पडली की पट्टा पडेपर्यंत रात्रंदिवस चालतो आणि त्याच्याबरोबर त्याचे संगणक जाळेही तितकेच तास चालू राहते. वजनकाट्यावरचे संगणक, शेती विभागाचे कार्यालय, मिल, बॉयलर, सहवीजनिर्मिती, साखर गोदाम आणि वसाहत या सगळ्यांना जोडणारे स्विच प्रत्येक लहानमोठ्या घडामोडीची नोंद करत असतात. ती नोंद कोणी मागेल तर त्याच्या फोनवर पाठवण्याची सोयही त्यांच्यात असते, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. सगळे निरोप फोनवर येऊ लागले की दुसऱ्या आठवड्यात माणूस फोनचा आवाज बंद करतो. सगळे निरोप बंद ठेवले तर काटा ठप्प झाल्याची खबर रस्त्यापर्यंत गेलेल्या ट्रॉल्यांच्या रांगेतून मिळते. त्यामुळे कोणत्या घटनेवर अलर्ट लावायचा हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. तो कसा घ्यावा, हे उदाहरणासाठी एक मध्यम आकाराचा कारखाना धरून पाहू.

या कारखान्यात मुख्य कार्यालयाच्या सर्व्हर खोलीत एक मुख्य स्विच आहे. तिथून काटा, मिल, गोदाम आणि वसाहत अशा ठिकाणी फायबर गेलेली आहे. काट्यावरच्या केबिनमधल्या स्विचला मुख्य स्विचकडून दोन फायबर आल्या आहेत, एक जमिनीखालून चरातून आणि दुसरी यार्डातल्या खांबांवरून. या दोन्ही मिळून एकच जोडणी म्हणून काम करतात, म्हणजे एक तुटली तरी काम दुसरीवर चालू राहते. मिलच्या स्विचच्या मागे बॉयलर, टर्बाइन आणि प्रयोगशाळा इथले आणखी पाच स्विच लटकलेले आहेत. मुख्य स्विचला दोन पॉवर सप्लाय आहेत. पहिला यूपीएसवर आहे आणि दुसरा थेट कारखान्याच्या विजेवर. पुढची सगळी चर्चा या मांडणीला धरून आहे.

सुरुवातीला बहुतेक जण स्विच स्वतः जी तीव्रता सांगतो तिच्यावर विश्वास ठेवतात. लॉगमधल्या निरोपांना ० ते ७ अशी तीव्रता दिलेली असते. ० म्हणजे सर्वांत गंभीर आणि ७ म्हणजे केवळ तपासणीसाठीचा तपशील. मग ० ते ३ असलेले सगळे निरोप फोनवर पाठवा, असा सोपा नियम केला जातो. हा नियम का टिकत नाही, हे सिस्को स्विचमधल्या या दोन ओळींवरून दिसेल:

```
%LINK-3-UPDOWN: Interface GigabitEthernet1/0/7, changed state to down
%LINK-3-UPDOWN: Interface GigabitEthernet1/0/25, changed state to down
```

सात क्रमांकाच्या पोर्टवर शेती विभागातल्या लिपिकाचा संगणक आहे आणि तो संध्याकाळी घरी जाताना बंद करून गेला आहे. पंचवीस क्रमांकाच्या पोर्टवर मुख्य स्विचकडे जाणारी फायबर आहे. दोन्ही निरोपांची तीव्रता ३ आहे. यात स्विचचे काही चुकलेले नाही, कारण पोर्टवरचा सिग्नल गेला एवढेच त्याला कळते. केबलच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, ते बंद पडल्याने कोणाचे काम अडते आणि रात्रीचे किती वाजले आहेत, हे त्याला ठाऊक नसते. ती माहिती माणसाने त्याच्यापर्यंत पोहोचवावी लागते, आणि त्याची सर्वांत साधी जागा म्हणजे पोर्टचे वर्णन. अपलिंक, म्हणजे दुसऱ्या स्विचकडे जाणारी जोडणी, असलेल्या प्रत्येक पोर्टच्या वर्णनाची सुरुवात एकाच ठरावीक शब्दाने केली की देखरेखीची प्रणाली तेवढेच पोर्ट निवडून घेऊ शकते. बाकीच्या पोर्टवरून जोडणी तुटल्याचा ट्रॅप, म्हणजे स्विच आपणहून पाठवतो तो निरोप, मुळातच बंद करता येतो:

```
interface GigabitEthernet1/0/25
 description UPLINK-KATA-1
interface range GigabitEthernet1/0/1 - 24
 no snmp trap link-status
```

या आज्ञेने फक्त ट्रॅप थांबतो आणि लॉगमधली नोंद चालूच राहते, हे लक्षात ठेवावे. एखाद्या लिपिकाने आठवडाभराने तक्रार केली तर त्याच्या पोर्टचा इतिहास त्या नोंदीतच सापडतो.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. कोणतीही घटना समोर आली की माझ्या मते तिला दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न असा की हे कळल्यावर कोणाला काही करायचे आहे का, आणि करायचे असल्यास आत्ता करायचे की सकाळी केले तरी चालेल? दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण तो अधिक महत्त्वाचा आहे: अलर्ट आलाच नाही, तर ही गोष्ट आपल्याला दुसऱ्या कोणाकडून कळेल का? लिपिकाच्या संगणकाची जोडणी तुटली तर लिपिक स्वतः फोन करतो, त्यामुळे तिथे अलर्टची गरज नाही. दोन फायबरपैकी एक तुटली तर मात्र कोणीही फोन करणार नाही, कारण काटा चालू आहे, पावत्या निघत आहेत आणि कोणाचेच काही अडलेले नाही. अशा बिघाडाची तक्रार येते ती दुसरी फायबर तुटते तेव्हा, आणि तोपर्यंत पहिली तुटून दोन महिने झालेले असू शकतात. म्हणून राखीव साधन निकामी होणे, मग ती दुसरी फायबर असो किंवा दुसरा पॉवर सप्लाय, ही अलर्टच्या यादीतली पहिली गोष्ट असायला हवी. प्रत्यक्षातल्या याद्यांमधून नेमकी तीच गळालेली दिसते.

ती गळण्याचे एक तांत्रिक कारणही आहे. दोन फायबर मिळून बनलेली एकत्रित जोडणी स्विचमध्ये `Port-channel1` अशा एका नावाने दिसते, आणि देखरेख लावणारा माणूस साहजिकच त्या नावावर नजर ठेवतो. पण दोनपैकी एक तार जिवंत असेपर्यंत त्या नावाची स्थिती `up` हीच राहते. म्हणून एकत्रित जोडणीबरोबर तिच्या प्रत्येक घटक पोर्टवर स्वतंत्रपणे लक्ष ठेवावे आणि दोन्हींना वेगवेगळे महत्त्व द्यावे. घटक पोर्ट पडला तर सकाळच्या कामात नोंद पुरे आहे. संपूर्ण जोडणी पडली तर हंगामात रात्री दोन वाजताही फोन वाजला पाहिजे, कारण पुढच्या अर्ध्या तासात काट्यावरून तसाही फोन येणारच आहे: “साहेब, काट्यावरचं कॉम्प्युटर बंद पडलंय, गाड्या पार फाट्यापर्यंत लागल्यात.” तो फोन येण्यापूर्वीच बिघाड कुठे आहे हे कळलेले असावे, एवढाच त्या अलर्टचा उपयोग आहे, आणि तो कमी नाही.

अपलिंकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. काट्यावरच्या स्विचच्या दोन्ही फायबर गेल्या तर तो स्विच त्याची खबर कोणत्या वाटेने देणार? त्याचा ट्रॅप त्याच तुटलेल्या फायबरमधून जायचा असतो, आणि साधा ट्रॅप पोहोचला की नाही याची पोच पाठवणारा मागत नाही, त्यामुळे तो वाटेतच हरवतो. म्हणून अपलिंकची स्थिती नेहमी देखरेखीच्या सर्व्हरकडच्या टोकावरून पाहावी. काट्याची जोडणी गेल्याचे मुख्य स्विच सांगेल, आणि शिवाय सर्व्हरने दर मिनिटाला काट्याच्या स्विचला हाक मारून उत्तर येते का ते तपासावे.

याच तपासणीतून रात्रीच्या गोंधळाचे दुसरे कारण निघते. मिलची फायबर तुटली की मिलचा स्विच आणि त्याच्या मागचे पाच स्विच असे सहा जण एकाच वेळी उत्तर द्यायचे थांबतात. फोनवर सहा निरोप येतात आणि त्यात कोणता आजार आहे व कोणती त्याची लक्षणे, हे अर्धवट झोपेत ओळखावे लागते. त्यासाठी कोणता स्विच कोणाच्या मागे आहे हे नाते प्रणालीला आधीच सांगून ठेवावे. नॅगिऑस या देखरेखीच्या प्रणालीत हे नाते `parents` या नावाने लिहितात, तर झॅबिक्समध्ये एक ट्रिगर दुसऱ्यावर अवलंबून असल्याचे नोंदवता येते. मग मिलचा स्विच पडल्यावर एकच अलर्ट येतो आणि मागचे पाच ‘पोहोचता येत नाही’ अशा वेगळ्या स्थितीत गप्प राहतात. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, पण निरोपांची गर्दी कमी करण्यात याच्याइतका फायदा दुसऱ्या कशानेही होत नाही, असे माझे मत आहे.

किती वेळ थांबून अलर्ट द्यावा, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. अपलिंक तुटून तीन सेकंदांत परत आली तर कोणाला उठवण्यात अर्थ नाही, म्हणून एक ते दोन मिनिटे थांबण्याचा नियम योग्यच आहे. पण या थांबण्याच्या आड एक वेगळा बिघाड लपतो. सैल कनेक्टर किंवा फायबरच्या टोकाला प्रकाश पाठवणारे आणि घेणारे, पण मरणपंथाला लागलेले मोड्यूल जोडणी दर काही मिनिटांनी दोन-तीन सेकंद तोडते, आणि प्रत्येक वेळी ती मुदतीच्या आत परत येत असल्यामुळे अलर्ट कधीच येत नाही. पाच मिनिटांनी स्थिती विचारणाऱ्या सर्व्हरला तर ती प्रत्येक वेळी चालूच दिसते. याला उपाय म्हणजे तुटण्याचा कालावधी आणि तुटण्याची संख्या यांवर दोन वेगवेगळे नियम लावणे. दोन मिनिटे सलग बंद असेल तर एक अलर्ट, आणि दहा मिनिटांत तीनपेक्षा जास्त वेळा तुटली तर दुसरा. ट्रॅपवर अवलंबून राहायचे नसेल तर `ifLastChange` ही किंमत वाचावी. पोर्टची स्थिती शेवटची कधी बदलली हे त्यात नोंदलेले असते, त्यामुळे दोन वाचनांच्या मधे जोडणी तुटून परत आली असली तरी ते उघडे पडते.

वाढत्या त्रुटींचा विषय याहून नाजूक आहे, कारण तिथे चालू किंवा बंद असे सरळ उत्तर नसते. स्विच प्रत्येक पोर्टवर खराब अवस्थेत आलेल्या फ्रेम, म्हणजे माहितीचे तुकडे, मोजतो आणि ती मोजणी `ifInErrors` या नावाने वाचता येते. ही मोजणी विजेच्या मीटरसारखी आहे, म्हणजे तिचा आकडा फक्त वाढत जातो आणि बिल ठरते ते दोन वाचनांमधल्या फरकावर. मुख्य स्विचच्या वसाहतीकडच्या पोर्टवर ४८ लाख त्रुटी दिसत असतील, पण त्या दोन वर्षांपूर्वीच्या एका खराब केबलच्या काळातल्या असतील आणि आज त्यात एकाचीही भर पडत नसेल, तर तिथे अलर्टचे काहीच कारण नाही. याउलट काट्याकडच्या पोर्टवर एकूण आकडा फक्त काही हजारांचा असेल, पण दर पाच मिनिटांची भर काल १२, आज सकाळी ४० आणि दुपारी १३० अशी असेल, तर लक्ष तिथेच द्यायला हवे.

१३० ही संख्या मोठी की लहान, हे मात्र एकट्या त्या आकड्यावरून ठरत नाही. त्या पाच मिनिटांत या पोर्टवर सुमारे ९ लाख फ्रेम आल्या असतील तर सुमारे सात हजारांत एक फ्रेम खराब झाली, म्हणजे ०.०१४ टक्के. हे प्रमाण ऐकायला क्षुल्लक वाटते, म्हणून चांगल्या फायबरकडून अपेक्षा काय असते ते पाहू. गिगाबिट फायबरच्या मानकात १०^१२ बिटांमागे जास्तीत जास्त एक बिट चुकावा अशी अपेक्षा आहे. पूर्ण आकाराच्या फ्रेममध्ये सुमारे बारा हजार बिट असतात, तेव्हा अशा सुमारे आठ कोटी फ्रेममध्ये एखादी खराब व्हावी. म्हणजे काट्याची ही फायबर अपेक्षेपेक्षा बारा हजार पट वाईट वागते आहे, आणि तरीही काट्यावरच्या कोणालाही त्याचा पत्ता नाही, कारण हरवलेली फ्रेम संगणक पुन्हा पाठवून घेतात. चांगल्या फायबरवर त्रुटींची भर जवळपास शून्यच असते, म्हणून इथे उंबरठा बराच खाली ठेवता येतो.

तरी केवळ टक्केवारीवर उंबरठा लावला तर तो रात्री फसवतो. पट्टा पडल्यानंतरच्या रात्री काट्याच्या पोर्टवरून पाच मिनिटांत पाचशे फ्रेम जात असतील आणि त्यातली एक खराब निघाली, तर प्रमाण ०.२ टक्के होते आणि अलर्ट वाजतो. म्हणून तीन अटी एकत्र लावाव्यात. त्रुटींचे प्रमाण ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असावे, त्याच पाच मिनिटांत किमान २० त्रुटी आलेल्या असाव्यात, आणि हे सलग तीन वाचनांत घडलेले असावे. अलर्ट मागे घेण्यासाठी मात्र अट कडक ठेवावी, म्हणजे अर्धा तास एकही त्रुटी आली नाही तरच तो मिटवावा, नाहीतर तोच अलर्ट दिवसभर उघडझाप करत राहतो. हा अलर्ट सकाळच्या कामात जावा असे मी म्हणेन. सात हजारांत एक या प्रमाणावर काटा थांबत नाही, आणि अंधारात यार्डात जाऊन फायबरचे टोक पुसण्यात काही शहाणपण नाही.

सकाळी काम हाती घेताना त्रुटी कोणत्या टोकाला मोजली गेली हे आधी पाहावे. फ्रेम खराब असल्याचे ती घेणाऱ्या पोर्टला कळते. त्यामुळे त्रुटी मुख्य स्विचवर मोजल्या जात असतील तर दोष काट्याकडून कार्यालयाकडे येणाऱ्या दिशेत आहे. तो काट्याच्या मोड्यूलच्या प्रक्षेपकात, त्या दिशेच्या तंतूत किंवा त्याच्या कनेक्टरांत शोधावा. उलट दिशा स्वच्छ असेल तर हे अनुमान आणखी पक्के होते. यानंतर मोड्यूलमध्ये येणाऱ्या प्रकाशाची पातळी वाचावी. समजा फायबर बसवली तेव्हा ती उणे ७.८ डीबीएम नोंदवली होती आणि आज उणे १८.२ दिसते आहे. दर ३ डीबी घट म्हणजे प्रकाश जवळपास निम्मा, तेव्हा १०.४ डीबी घट म्हणजे पूर्वीच्या प्रकाशाचा साधारण अकरावा हिस्सा उरला आहे. एक गिगाबिटच्या एलएक्स प्रकारच्या मोड्यूलला उणे १९ डीबीएमच्या खालचा प्रकाश भरवशाने वाचता येत नाही, आणि मोड्यूलमधला मापक स्वतःच ३ डीबीपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, म्हणजे ही जोडणी कड्याच्या अगदी टोकावर उभी आहे. काट्याच्या केबिनमध्ये कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. यार्डातली धूळ, बगॅसचे बारीक तूस आणि चिमणीतून पडणारी राख उघड्या राहिलेल्या कनेक्टरच्या तोंडावर बसते. फायबर साफ करण्याच्या पेनने दोन्ही टोके पुसून पातळी पुन्हा वाचली की ती उणे ८च्या आसपास येते आणि त्रुटींची भर थांबते. तसे झाले नाही तर मोड्यूल बदलून पाहावे, आणि त्यानेही फरक पडला नाही तर चराच्या मार्गावर कोणी जेसीबी चालवला होता का, याची चौकशी करावी.

या उदाहरणावरून आणखी एक चांगला नियम मिळतो. त्रुटी हे उशिरा दिसणारे लक्षण आहे, तर प्रकाश त्याआधी कित्येक आठवडे हळूहळू कमी होत असतो. प्रत्येक अपलिंकची बसवतानाची पातळी नोंदवून ठेवावी आणि ती त्यापेक्षा ३ डीबीने घटली की सकाळच्या यादीत एक ओळ यावी. सर्व पोर्टांसाठी एकच आकडा ठेवण्यापेक्षा प्रत्येकाची स्वतःच्या जुन्या पातळीशी तुलना करणे अधिक उपयोगी ठरते, कारण शंभर मीटरची फायबर आणि दोन किलोमीटरची फायबर यांची मूळ पातळी सारखी नसतेच.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. स्विच `ifOutDiscards` नावाची आणखी एक मोजणी ठेवतो. पोर्टवर एकदम जास्त माहिती आली आणि रांगेत जागा उरली नाही की स्विच ज्या फ्रेम टाकून देतो त्या तिथे मोजल्या जातात. त्या फ्रेम चांगल्या असतात आणि तार पुसून काही साधत नाही. या मोजणीवर त्रुटींचाच नियम लावला तर यार्डातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण कोणी कार्यालयात उघडले की अलर्ट येतो. ती आठवड्याच्या अहवालात पाहण्याची गोष्ट आहे.

आता पॉवर सप्लायकडे वळू. हंगामात कारखाना आपल्या टर्बाइनच्या विजेवर चालतो. टर्बाइन ट्रिप झाले की महावितरणची वीज किंवा जनरेटर सुरू होईपर्यंत काही मिनिटे अंधार असतो आणि हंगाम नसताना महावितरणची लाइट जाणे तर नेहमीचेच. अशा प्रत्येक वेळी मुख्य स्विचचा थेट विजेवरचा दुसरा सप्लाय ‘वीज नाही’ असे कळवतो. ते खरे असते, पण त्यावर नेटवर्कच्या माणसाने काहीच करायचे नसते. त्यामुळे सप्लायला वीज मिळत नाही आणि सप्लाय स्वतः जळाला, या दोन घटना वेगळ्या धराव्यात. थेट विजेवरच्या सप्लायच्या बाबतीत पहिल्या घटनेवर पंधरा मिनिटे थांबावे, दुसरीवर थांबण्याचे कारण नाही.

काही स्विच हा फरक स्पष्ट सांगतात, तर काही दोन्हींसाठी ‘काम करत नाही’ एवढेच म्हणतात. तिथे शेजाऱ्यांची साक्ष काढावी लागते. त्याच मिनिटाला यूपीएसनेही ‘बॅटरीवर आलो’ असे कळवले असेल तर गेली ती कारखान्याची वीज. यूपीएस शांत असेल आणि एकट्या मुख्य स्विचचा दुसरा सप्लाय बंद दिसत असेल तर सप्लाय गेला, किंवा झाडलोट करताना कोणी त्याची पिन ओढली. दुसरी शक्यता हसण्यावारी नेऊ नये.

यापुढचा प्रश्न म्हणजे दोनपैकी कोणता सप्लाय गेला. माझ्या पाहण्यात बहुतेक प्रणाली दोन्हींना सारखेच महत्त्व देतात आणि तिथे त्या चुकतात. थेट विजेवरचा दुसरा सप्लाय जळाला तर स्विच यूपीएसवर सुरक्षित आहे, तेव्हा सकाळी कपाटातला राखीव सप्लाय काढून चालू स्विचमध्येच बदलता येतो. यूपीएसवरचा पहिला सप्लाय जळाला तर स्विच आता केवळ कारखान्याच्या विजेवर उभा आहे, आणि पुढच्या ट्रिपला तो बंद पडेल, त्याच्याबरोबर काट्यापासून गोदामापर्यंत सगळे जाळे बंद पडेल. वरवर दोन्ही घटना ‘एक पॉवर सप्लाय निकामी’ अशाच दिसतात, पण हंगामात पहिलीसाठी झोपमोड करू नये आणि दुसरीसाठी करावी. यूपीएसच बिघडून बायपासवर गेला तर परिणाम हुबेहूब दुसऱ्या घटनेसारखाच होतो, म्हणून यूपीएसच्या त्या निरोपालाही तेवढेच महत्त्व द्यावे.

पट्टा पडल्यावर हे महत्त्व बदलते. एप्रिल-मे महिन्यांत काट्याची केबिन बंद असते, तिची वीज तोडलेली असते, आणि तिथल्या अपलिंकसाठी रात्री कोणाला उठवणे निरर्थक आहे. त्यासाठी नियम पुसून टाकू नयेत. काट्याच्या स्विचवर देखभालीचा कालावधी लावावा आणि त्याला शेवटची तारीख जरूर द्यावी, नाहीतर तो शांतपणा पुढच्या हंगामातही तसाच चालू राहतो. पोर्ट कोणी हाताने बंद केला असेल तर अलर्ट देऊ नये, हा पुष्कळ प्रणालींचा मूळ नियम असतो. तो साध्या पोर्टसाठी ठीक आहे, पण अपलिंकसाठी मी तो काढून टाकीन, कारण चुकीच्या पोर्टवर `shutdown` लिहिले जाणे ही काल्पनिक भीती नाही. ठरवून केलेले काम असेल तर देखभालीचा कालावधी लावलेला असेलच.

हे सगळे नियम कागदावर कितीही नीट दिसले तरी अलर्ट फोनपर्यंत पोहोचतो का, हे प्रत्यक्षच पाहावे लागते. इंटरनेटच्या वाटेने ईमेल पाठवणारी प्रणाली इंटरनेटचीच जोडणी तुटल्यावर मुकी होते, म्हणून सर्व्हरला सिमकार्ड घातलेला जीएसएम मोडेम जोडून निदान रात्रीचे अलर्ट एसएमएसने पाठवावेत. बॉयलर अग्निप्रदीपन आणि पहिली मोळी यांच्या मधे जे दिवस मिळतात त्यांत ही चाचणी उरकून घ्यावी. काट्याकडची चरातली फायबर काढली की सकाळच्या यादीत एक ओळ यायला हवी आणि फोन गप्प राहायला हवा. तिच्याबरोबर खांबावरची काढली की दोन मिनिटांनी फोन वाजायला हवा. दोन्ही परत लावून मुख्य स्विचच्या यूपीएसवरच्या सप्लायची पिन काढली की लगेच वाजायला हवा, आणि दुसऱ्या सप्लायची काढली तर पंधरा मिनिटे थांबूनही एसएमएस न येता फक्त यादीत नोंद व्हायला हवी. ही चाचणी करताना यूपीएसचा ‘बॅटरीवर आलो’ हा निरोपही सर्व्हरपर्यंत येतो का ते त्याचा मेन स्विच क्षणभर खाली करून पाहावे, कारण शेजाऱ्याची साक्ष त्या एका निरोपावर उभी आहे.